यमाचं तोंड आणि हातातला सोटा: गाण्याचं एक कोडं उकलताना

प्रश्न: काका, गणपतीत आमच्या गल्लीच्या प्रश्नमंजूषेत हे कोडं आलं होतं: "स्वर्गाच्या राणीने यमाचं तोंड गिळलं, हाती सोटा घेतला; बेळगाव मुंबई राज्यात असताना भीमाने म्हटलेलं गाणं, गुळाची मूर्ती साक्षीला. (४, २)". आम्ही भीमा नदी धरून पंढरपूरची गाणी शोधली, मग अक्षरं बसतात म्हणून 'ऐरणीच्या देवा' लिहिलं. शून्य मार्क. उत्तर 'इंद्रायणी काठी' निघालं, पण ते कसं आलं हे कुणीच समजावलं नाही. अशी कोडी सोडवायची कशी?

उत्तर:

अक्षरं तुम्ही बरोबर मोजलीत, आणि ते बऱ्याच जणांना जमत नाही. ऐ, र, णी, च्या ही चार आणि दे, वा ही दोन. कंसातल्या आकड्यांना तुमचं उत्तर चपखल बसतं. लोहाराचा घण म्हणजे सोटा, देव म्हणजे मूर्ती, असं मनाला पटवूनही घेता येतं. म्हणूनच हे कोडं सविस्तर उलगडण्यासारखं आहे. एकाच मापाची दोन गाणी समोर असताना खरं कोणतं, हे कोड्यातलाच मजकूर कसा ठरवतो ते यात स्वच्छ दिसतं.

बेळगावच्या खडेबाजारात माझं कॅसेटचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून मी मंडळांच्या आणि वाचनालयांच्या प्रश्नमंजूषांसाठी अशी कोडी करतो. हे कोडं माझं नाही, पण करणाऱ्याने मन लावून केलंय. त्यातला एकही शब्द वाया गेलेला नाही.

आधी कोड्यातली गोष्ट विसरायची. स्वर्गाची राणी यमाला खाते, हातात सोटा घेते, पुढे भीम येतो, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं की आपण पुराणात शिरतो आणि तिथेच फिरत राहतो. चित्र हे वरचं वेष्टण. आत दोन वेगळ्या वाटा असतात. एक वाट अक्षरांची: कुठल्या शब्दात कुठलं अक्षर घालायचं, काय काढायचं, काय जोडायचं. दुसरी वाट ओळखीची: ते गाणं कुणाचं, कधीचं, कुठलं. दोन्ही वाटा एकमेकींची मदत न घेता त्याच उत्तराला पोचल्या पाहिजेत. तुमच्या कोड्यात अर्धविरामाने या दोन वाटा वेगळ्या केल्यात. तो नसता तर सांधा तुम्हालाच शोधावा लागला असता. "हाती सोटा घेतला" इथे अक्षरांची वाट संपते आणि "बेळगाव" पासून ओळखीची सुरू होते.

पहिली वाट घेऊ. "स्वर्गाच्या राणीने यमाचं तोंड गिळलं." मराठी कोड्यात शरीराचे अवयव म्हणजे शब्दातल्या जागा. तोंड, डोकं, कपाळ म्हणजे पहिलं अक्षर. शेपूट, पाय, टाच म्हणजे शेवटचं. पोट किंवा काळीज म्हणजे मधलं. तर यमाचं तोंड म्हणजे 'य'. इथे एक नेम पाळायचा: तोंड काढायचं ते छापलेल्या शब्दाचं, त्याच्या समानार्थी शब्दाचं नव्हे. यमाला कृतांत म्हणतात, काळ म्हणतात, म्हणून 'कृ' किंवा 'का' घ्यायला गेलात तर वाटा फुटत जातात आणि सोडवणाऱ्याला अंत लागत नाही. चांगला कोडेकार तसं करत नाही. यम छापलाय, तोंड सांगितलंय, म्हणजे 'य'.

"स्वर्गाची राणी" मात्र थेट छापलेला शब्द नाही, वर्णन आहे. तिथे समानार्थी शब्द शोधायचाच आहे. इंद्राची बायको: शची, पौलोमी, इंद्राणी. तिने यमाचं तोंड 'गिळलं', म्हणजे 'य' तिच्या पोटात गेला, दोन अक्षरांच्या मधे. आता कागदावर एकेक करून बघा. शचीत घातला तर 'शयची', अर्थ नाही. पौलोमीत 'पौयलोमी' किंवा 'पौलोयमी', काहीच नाही. इंद्राणीची अक्षरं इं, द्रा, णी. पहिल्या फटीत घातला तर 'इंयद्राणी', दुसऱ्या फटीत घातला तर 'इंद्रायणी'. नदी समोर आली आणि चार अक्षरंही भरली.

अक्षरमोजणीत पोरं नेहमी अडखळतात. मराठी कोड्यात एक चौकट म्हणजे एक पूर्ण अक्षर, त्याच्या काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकच. 'इं' एक, 'द्रा' एक. अनुस्वाराला वेगळी चौकट देऊन मोजलं तर इंद्रायणी पाच होते आणि हातात आलेलं उत्तर तुम्ही स्वतःच बाद करता. काना-मात्रा आपल्या अक्षराला सोडून कधी जात नाही. शब्द उलटा करायचा असला तरी हाच नेम: 'नदी' उलटली की 'दीन' होतं. वाल्या कोळ्याच्या गोष्टीत 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' होतं, तेही असंच. कोड्यात "उलटून", "माघारी फिरून", "पाठ दाखवून" असं काही दिसलं तर ही गोष्ट आठवा.

आता सोटा. दोन अक्षरांचे शब्द काढले तर काठी, लाठी, छडी, सोटी, दंडा असे चार-पाच मिळतात. 'इंद्रायणी छडी' असं गाणं नाही, 'इंद्रायणी दंडा' नाही. 'काठी' मात्र बसतं, आणि का बसतं हे समजून घ्या, कारण कोड्याचा सगळा जीव या एका शब्दात आहे. सोटा या अर्थाची काठी हे स्त्रीलिंगी नाम. गाण्यातली 'काठी' ती नव्हेच. ती 'काठ' या पुल्लिंगी नामाची सप्तमी: काठावर, काठाला, म्हणून काठी. आपण रोज बोलतो त्या 'घरी', 'दारी', 'हाती' याच जातीच्या. दोन वेगळे शब्द, दोन वेगळी व्याकरणं, पण लिहिताना अक्षर न् अक्षर सारखं. कोडेकाराने गाण्यातल्या काठाचं लाकूड केलं आणि ते राणीच्या हाती दिलं. त्यातही त्याने 'हाती' हा शब्द वापरलाय, म्हणजे सप्तमीचा नमुना तुमच्या समोरच ठेवलाय. मुद्दाम ठेवला की सहज आला, ते तोच जाणे. मी त्याला दाद दिली.

जुन्या गाण्यांच्या कोड्यांत ही सप्तमी फार उपयोगी पडते. गीतकार छंदासाठी 'काठावर' न म्हणता 'काठी' म्हणतो, 'रानात' न म्हणता 'रानी', 'वनात' न म्हणता 'वनी'. आणि यातले कितीतरी शब्द दुसऱ्याच अर्थाने जिवंत असतात. 'माळी' म्हणजे माळावर, आणि बागेतला माळीही. 'मनी' म्हणजे मनात, आणि मांजरीचं नावही. कोड्यात मांजर दिसली की मी आधी 'मनी' असलेली गाणी आठवतो.

तुमच्या मनात आलं असेल की गाणं तर पुढे बरंच आहे, मग नाव दोनच शब्दांचं कसं? मराठी गाण्याला कवितेसारखं वेगळं शीर्षक क्वचितच असतं. ध्रुवपदाचे पहिले काही शब्द हेच त्याचं नाव. रेडिओवरचा निवेदक किती शब्द म्हणायचा, तबकडीवर किती छापले, कॅसेटच्या कव्हरवर किती मावले, यावर ते ठरत गेलं. एकाच गाण्याचं नाव एका कव्हरवर दोन शब्दांचं आणि दुसऱ्यावर पाच शब्दांचं मी स्वतः पाहिलंय. म्हणून गाण्याच्या कोड्यात कंसातले आकडे फार महत्त्वाचे. (४, २) म्हटल्यावर कोडेकार सांगतोय की मला पहिले दोनच शब्द हवेत. आकडे दिले नसतील तर ध्रुवपद जिथे पहिला श्वास घेतं तिथे थांबायचं.

आता दुसरी वाट, जिथे तुम्ही घसरलात. "भीमाने म्हटलेलं गाणं." तुम्ही भीमा नदी धरलीत. खोटं नाही, मोहच तसा आहे. इंद्रायणी तुळापूरला भीमेलाच मिळते, आणि आपल्याकडची वारकरी माणसं भीमा म्हटलं की चंद्रभागाच बघतात. पण व्याकरण तुम्हाला आवाज देत होतं. 'भीमा' स्त्रीलिंगी आकारान्त नाम आहे, विभक्ती लागली की 'भीमेने', 'भीमेचा', 'भीमेला' होतं, जसं गंगेने, यमुनेचा. छापलंय 'भीमाने'. हे पुल्लिंगी 'भीम' चं रूप. एका मात्रेच्या फरकाने नदी बाद झाली. कोड्यातलं नाम कुठल्या रूपात छापलंय ते बघा आणि त्यावरून मूळ शब्द परत उभा करा. मराठीत हा फार मोठा आधार आहे, कारण सामान्यरूप बहुतेकदा लिंग उघड करतं.

भीम म्हटल्यावर आपल्याकडे बाबासाहेब आठवतात, गावोगावी भीमगीतं म्हटली जातात. पण ती त्यांच्यावर रचलेली. इथे 'भीमाने म्हटलेलं' आहे, म्हणजे भीम हाच गायक. 'म्हटलेलं' हे क्रियापदही नीट पाहा. 'लिहिलेलं' नाही, 'बांधलेलं' नाही. कोडेकार गीतकाराबद्दल किंवा संगीतकाराबद्दल बोलत नाहीये. महाभारत सोडलं तर गाणारा भीम म्हणजे पंडित भीमसेन जोशी. तेही आपल्याच भागातले: जन्म १९२२ चा, गदगजवळच्या रोणचा, आणि तालीम कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे. कन्नड मातीतल्या या माणसाच्या तोंडी मराठी अभंग असा बसला की सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं त्यांना आपलं म्हणतात.

नुसतं 'भीमसेन' कळून काम होत नाही, कारण त्यांनी अभंग कितीतरी गायले. इथे काळाची खूण कामाला येते, आणि ती आपल्या भागातल्या माणसासाठीच रचलेली आहे. "बेळगाव मुंबई राज्यात असताना." तुमच्या वयाच्या पोरांना ही शिडी पाठ नसते, म्हणून सांगतो. इंग्रजांच्या काळात बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. २६ जानेवारी १९५० पासून मुंबई 'राज्य' झालं, त्याआधी इलाखा, प्रांत असे शब्द होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं.

या तारखांमागे आमच्या घराघरात काय काय आहे ते मी इथे काढत नाही. कोड्यापुरतं बोलायचं तर प्रत्येक नाव म्हणजे एक खिडकी आहे. 'मुंबई इलाख्यात' म्हटलं तर स्वातंत्र्याआधीचं. 'मुंबई राज्यात' म्हटलं तर काटेकोरपणे १९५० ते १९५६, जेमतेम पावणेसात वर्षं. 'म्हैसूर राज्यात' म्हटलं तर १९५६ ते १९७३. "चंदगड बेळगाव जिल्ह्यात असताना" असं कुणी लिहिलं तर तेही १९५६ च्या आतलंच, फक्त जरा जास्त लपवलेलं. "सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हा" हे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले.

आता तुमचं उत्तर या खिडकीतून बघा. 'ऐरणीच्या देवा' हे 'साधी माणसं' मधलं, १९६५ चं. तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. खिडकीच्या बाहेर. शिवाय ते गायलंय लता मंगेशकरांनी, आणि 'आनंदघन' या नावाने चालही त्यांचीच. कोडेकाराला ते हवं असतं तर त्याने "सुखाच्या ढगाने चाल लावली" असं काहीतरी लिहिलं असतं, भीम आणला नसता. आणि अक्षरांच्या वाटेवर तर हे उत्तर उभंच राहत नाही: स्वर्गाची राणी कुठली, यमाचं तोंड कुठे गेलं? तुम्ही सोट्याला घण केलंत आणि मूर्तीला देव केलंत, पण राणी आणि यम दोघांना काहीच काम दिलं नाहीत. कोड्यातला एखादा ठळक शब्द बेकार राहिला की उत्तर चुकलंय असं समजा. अक्षरसंख्या जुळणं ही उत्तराची पहिली अट आहे, पुरावा नव्हे. चार आणि दोन अक्षरांनी सुरू होणारी मराठी गाणी आणखीही निघतील.

उलट, नुसत्या काळाच्या खुणेवरही विसंबता येत नाही. 'इंद्रायणी काठी' १९५३ च्या 'गुळाचा गणपती' मधलं. शब्द गदिमांचे, संगीत पुलंचं. त्याच वर्षी 'देवबाप्पा' आला, त्यातही शब्द गदिमांचे आणि संगीत पुलंचं, आणि त्यातलं 'नाच रे मोरा' आजही अंगणवाडीत म्हणतात. साल तेच, गीतकार तोच, संगीतकार तोच. वेगळं करतो तो गायक, आणि (४, २) हा आकडा. काळाची खूण अशी चाळणीसारखी वापरायची: तिने गाणी कमी होतात, शेवटचं एक तीच निवडून देत नाही.

राहिली "गुळाची मूर्ती साक्षीला". गणपतीच्या दिवसांत मंडपात बसून हे वाचलं की आरास आठवते, कुणीतरी गुळाचा गणपती केला असेल असं वाटतं. तो चित्रपटाच्या नावाचा उल्लेख आहे. 'साक्षीला' हा शब्द मला आवडला, कारण कोडेकार सांगतोय की ही खूण उत्तर काढायला नाही, निघालेलं उत्तर तपासायला आहे. 'गुळाचा गणपती' हा कथेपासून दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिकेपर्यंत पुलंनी केलेला चित्रपट. ते काही काळ आपल्या बेळगावात, राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते. मी कोडं केलं असतं तर "टिळकवाडीत शिकवून गेलेल्या मास्तरांची चाल" अशीही एक खूण घातली असती. पण मग कोडं फार सोपं झालं असतं, शहापूरच्या कुठल्याही आजोबांनी एका दमात सांगितलं असतं.

या गाण्यात आणखी एक फसवणूक आहे, आणि ती कोडेकाराने केलेली नाही, गाण्यानेच केलेली आहे. आपल्या भागातल्या भजनांत हे इतकं मुरलंय, टाळ-पखवाजावर इतक्या वेळा म्हटलं जातं, की बहुतेकांना हा कुठल्यातरी संताचा अभंग वाटतो. आळंदी आहे, ज्ञानोबांची समाधी आहे, चालही तशीच. मी एकदा येळ्ळूरकडच्या एका भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या बुवांना सांगितलं की हे सिनेमातलं आहे, १९५३ चं. त्यांनी टाळ खाली ठेवले. म्हणाले, "काय सांगालास? माझ्या आज्जानं म्हटलेलं ऐकलंय मी हे." हिशेब केला तर आज्जाने ते १९५३ नंतर सहज म्हटलं असेल, त्यात काही खोटं नव्हतं. पण बुवांच्या मनात ते तुकोबांच्या काळचं होतं. म्हणून कोड्यात "मुंबई राज्यात असताना" अशी आधुनिक खूण दिसली आणि तुमच्या डोक्यात अभंग आला, तर तो टाकून देऊ नका. शैलीवरून काळ ठरवायचा नाही. गदिमांसारखा कवी विसाव्या शतकात बसून तेराव्या शतकाच्या ओठांवरचं लिहू शकतो.

सालाबद्दल एक इशारा, कारण तुम्ही उद्या स्वतः कोडी कराल. घरातल्या कॅसेटवरून किंवा सीडीवरून साल घेऊ नका. माझ्याकडून हे झालंय. खानापूरकडच्या एका स्पर्धेसाठी मी एका जुन्या गाण्याला "कर्नाटक झाल्यावरचं" अशी खूण दिली, म्हणजे १९७३ नंतरचं. कॅसेटच्या कव्हरवर १९८० च्या पुढचं साल छापलेलं होतं, त्यावरून. गाणं प्रत्यक्षात कितीतरी आधीचं. कव्हरवरचं साल म्हणजे ती कॅसेट निघाली ते साल. कंपन्या जुन्या तबकड्यांवरची गाणी गोळा करून नव्या संग्रहात भरायच्या, आणि ℗ चिन्हापुढे संग्रहाचं साल घालायच्या. एका संघाने बरोबर गाणं ओळखलं होतं, पण माझ्या खुणेमुळे ते बाद केलं आणि दुसरं लिहिलं. त्यांचे गुण मी दुसऱ्या दिवशी परत दिले, पण अंतिम फेरी तोवर होऊन गेली होती. ती पोरं हिरमुसून घरी गेलेली मला अजून दिसतात. तेव्हापासून मी सिनेमाच्या गाण्याला सिनेमाचंच साल घेतो. आणि सिनेमाबाहेरच्या भावगीताला नेमकं साल देतच नाही, मोठी खिडकी देतो. भावगीत आधी रेडिओवर गाजतं, तबकडी नंतर येते, कधी गायक बदलून पुन्हा ध्वनिमुद्रण होतं. 'कधीचं' या प्रश्नाला तिथे तीन खरी उत्तरं असू शकतात. कोड्यातल्या खुणेला एकच खरं उत्तर असलं पाहिजे.

सोडवताना मी स्वतः कागद असा वापरतो. वर कोडं उतरवून घ्यायचं, शब्दांमधे मोकळी जागा ठेवून. आकड्यांइतक्या चौकटी खाली काढायच्या. मग ज्या शब्दाला काम सापडलं त्याच्याखाली रेघ मारायची. तुमच्या कोड्यात आधी 'सोटा' च्या खाली काठी, लाठी, छडी असं लिहून ठेवलं असतं, आणि 'भीमाने' च्या खाली 'भीम, पुल्लिंगी', आणि 'मुंबई राज्यात' च्या खाली '१९५०–५६', तर राणी सुटायच्या आधीच तुम्हाला कळलं असतं: या सहा-सात वर्षांतलं, भीमसेनांच्या आवाजातलं, काठी किंवा लाठीने संपणारं. तिथून इंद्रायणी दोन पावलांवर आहे. आणि उलट बाजूने, इंद्रायणी आधी सुटली असती तर भीमसेन आपोआप दिसले असते. कुठूनही शिरा. पण उत्तर लिहायच्या आधी सगळ्या शब्दांखाली रेघ आली का ते बघा. 'साक्षीला' च्या खालीसुद्धा.

वेळ कमी असेल, मंडपात घंटा वाजत असेल, तर मी काळाच्या खुणेपासून सुरुवात करतो. शब्दांच्या खेळात किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, पण 'मुंबई राज्य' चं '१९५०–५६' व्हायला पाच सेकंद पुरतात. आणि संघात एक तरी माणूस असा बसवा ज्याच्या घरी रेडिओ दिवसभर चालायचा.

हातचं सोडू नका म्हणून आणखी एक देतो. यात अक्षर गिळणं नाही, नुसती नावं ओळीने जोडायची आहेत, आणि पहिल्या शब्दात दोन नावं चिकटलेली आहेत: "दैत्यांचे गुरू, वालीची बायको, शनी आणि मारुतीचा बाप एका ओळीत बसले, बेळगाव म्हैसूर राज्यात असताना आकाशवाणीने ऐकवलेलं, पडद्याने न दाखवलेलं. (४, २, २)". शनीसाठी पंचांगात किंवा जुन्या कोशात त्याचं दुसरं नाव बघा, ते दोनच अक्षरांचं आहे. आणि 'पडद्याने न दाखवलेलं' हे वाचल्यावर सिनेमांची यादी काढत बसू नका.